कुलूप न लावण्याचा अर्ज

वाचकहो, आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला पुष्कळ लोक येतात. कुणाला जातीचा दाखला हवा असतो, कुणाची शिष्यवृत्ती अडलेली असते, कुणाचा सातबारा चुकलेला असतो. मागे अकोल्याच्या एका शाळेचे मास्तर असेच घरी आले. जयभीम, चहापाणी झाले आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. कागदावर एवढेच होते : "शाळेत संगणक कक्षासाठी लॅपटॉप मिळावेत, ही नम्र विनंती." खाली सही.

"भाऊसाहेब, संस्थेच्या बैठकीत हा अर्ज दोनदा परत आला. चेअरमन विचारतात, किती घ्यायचे, कसले घ्यायचे, आणि बंद पडले तर कोण बघणार? मला उत्तर देता येईना."

आम्ही म्हटले, "गुरुजी, चेअरमनसाहेबांचे काही चुकलेले नाही. विनंतीला पैसे मिळत नसतात. हिशेबाला मिळतात."

आम्ही वाणिज्य शाखेचे. यंत्राच्या पोटातले आम्हाला कारागिराइतके कळत नाही, पण ते पाच वर्षे चालवायला काय लागते हे कागदावर मांडता येते. त्या रात्री आणि पुढच्या दोन रविवारी बसून आम्ही तो प्रस्ताव तयार केला. तो इथे सविस्तर सांगतो, म्हणजे आपल्यापैकी कुणी शाळा समितीवर असेल तर उपयोगी पडेल. दर गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आमचे आकडे नमुन्याचे समजावेत. मांडणीची रीत मात्र तीच ठेवावी.

किती घ्यायचे?

मास्तर म्हणाले, पंचवीस घेऊ. आम्ही विचारले, पंचवीसच का? उत्तर नव्हते. म्हणून आम्ही वेळापत्रक मागितले. पाचवी ते दहावी असे सहा वर्ग, प्रत्येकाच्या दोन तुकड्या, म्हणजे बारा तुकड्या. प्रत्येक तुकडीला आठवड्याला दोन तासिका, म्हणजे चोवीस. सहा दिवसांत त्या वाटल्या की रोज चार तासिका आल्या. पस्तीस मिनिटांच्या चार तासिका म्हणजे १४० मिनिटे. ही १४० मिनिटे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढचा बराच हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

सर्वात मोठ्या तुकडीत चाळीस मुले. दोघांत एक यंत्र म्हणजे वीस. एक शिक्षकांना. आणि एक राखीव. राखीव यंत्रावर बैठकीत हमखास कात्री चालते, म्हणून त्याचे कारण आम्ही अर्जातच लिहिले. एखादे यंत्र दुरुस्तीला गेले की त्या जागेवरची दोन मुले दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत बसतात, आणि ती दोन मुले बहुधा गरिबाचीच असतात. राखीव यंत्र त्याच दिवशी जागेवर ठेवता येते. एकूण बावीस.

टेबलावरचा संगणक की लॅपटॉप?

टेबलावरचा संगणक दुरुस्तीला सोपा आणि त्याचे भागही स्वस्त, हे खरे आहे. पण आमच्या तालुक्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. असा प्रत्येक संगणक यूपीएसवर ठेवावा लागतो, त्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि नवी असतानाही ती यंत्र नीट बंद करण्यापुरतीच टिकते. तासिका बुडायची ती बुडतेच. लॅपटॉपची बॅटरी त्याच्या पोटातच असते. शिवाय पडद्यासह टेबलावरचा संगणक साधारण शंभर वॅट घेतो, तर लॅपटॉप शिकवण्याच्या कामात दहा ते वीस वॅटवर चालतो. वीज जाणाऱ्या गावासाठी लॅपटॉप घेण्याचे कारण हेच. तो दिसायला छान असतो हे कारण आम्ही अर्जात घातले नाही.

मग बॅटरी केवढी असावी? दुकानदार सांगतो, "सात तास चालते." त्या तासांवर विश्वास ठेवू नये. बॅटरीवर वॅट-तासाचा आकडा छापलेला असतो, तो विचारावा. आम्ही ४२ वॅट-तासाची धरली. मुलांच्या कामात सरासरी १२ वॅट लागले तर ती साडेतीन तास चालेल. आपल्याला रोज १४० मिनिटे हवीत, त्याला २८ वॅट-तास पुरतात. म्हणजे दिवसभर वीज आली नाही तरी चारही तासिका होतील, आणि बॅटरी जुनी होऊन सत्तर टक्क्यांवर आली तरीही होतील. सत्तर टक्क्यांच्या खाली गेली की चौथी तासिका बुडू लागेल. म्हणून बॅटरी कधी बदलायची याचा नियम असा ठरला : मूळ क्षमतेच्या सत्तर टक्क्यांखाली आली की बदलावी.

हे ओळखायचे कसे? विंडोज असलेल्या यंत्रावर कमांडच्या खिडकीत एवढे टाइप करावे :

```
powercfg /batteryreport
```

एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला ते पडद्यावर येते. त्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे मूळ क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आजची क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ४२,००० आणि आज ३५,७०० असेल तर ८५ टक्के उरली. वर्षातून दोनदा बावीस यंत्रांचे हे आकडे वहीत लिहिले की पुढच्या वर्षी किती बॅटऱ्या लागतील ते आधीच कळते.

साधारणपणे अशी बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद लक्षात येण्याइतकी घटते. आपल्या शाळेत रोज दोन-तृतीयांश बॅटरी खर्च होईल, वर्षाचे २२० दिवस धरले तर वर्षाला सुमारे १४७ पूर्ण फेऱ्या. तीन वर्षांत ४४०. म्हणून चौथ्या वर्षी बावीसही बॅटऱ्या बदलाव्या लागतील असे गृहीत धरून पैसे बाजूला काढायचे. तीन वर्षांच्या हमीतही बॅटरीची हमी बहुधा एकाच वर्षाची असते. हे बिल चुकत नाही, ते आधी सांगितलेले बरे.

यंत्र कसले?

मास्तरांनी दोन दरपत्रके आणली होती. पहिले २८,००० रुपयांचे : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, दोन्ही मदरबोर्डलाच जोडलेले, हमी एक वर्ष आणि यंत्र सेवा केंद्रात नेऊन द्यायचे. दुसरे ४०,००० रुपयांचे : ८ जीबी रॅम आणि एक जागा मोकळी, २५६ जीबीची एसएसडी, आय३ किंवा रायझन ३ जातीचा अलीकडचा प्रोसेसर, हमी तीन वर्षे आणि कारागीर शाळेत येणार. दोन्ही दर जीएसटी धरून. शाळेला या कराची वजावट मिळत नाही, तेव्हा कराविना दर बघून निर्णय करू नये.

बावीस यंत्रांत फरक पडतो २,६४,००० रुपयांचा. चेअरमन विचारणारच की एवढे जास्त का द्यायचे?

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. स्वस्त यंत्र या अटीच्या काठावरच उभे आहे. सुरू होईल, पण ब्राउझर आणि एक फाइल उघडली की धापा टाकेल. साठवण वर्षा-दोन वर्षांत अद्ययावतीकरणानेच भरेल. रॅम वाढवायची म्हटले तर जागा नाही, साठवण बिघडली तर बदलता येत नाही. असे यंत्र फार तर तीन वर्षे शाळेच्या उपयोगाचे. ६,१६,००० भागिले तीन म्हणजे वर्षाला सुमारे २,०५,००० रुपये पडले. दुसरे यंत्र पाच वर्षे धरा : ८,८०,००० भागिले पाच, वर्षाला १,७६,०००. स्वस्त दिसणारे यंत्र वर्षाला एकोणतीस हजारांनी महाग निघाले.

जुन्या फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेले यंत्र मात्र कुणी फुकट दिले तरी मुलांच्या हातात देताना विचार करावा. चालू लॅपटॉप उचलून दुसऱ्या बाकावर नेला की धक्क्याने तबकडी खराब होते. एसएसडीत फिरणारा भागच नाही.

फुकटच्या यंत्रांबद्दल आणखी एक. शहरातल्या कचेऱ्या जुने लॅपटॉप शाळांना देतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुन्या पिढीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती चालवता येतात. ती कमी दर्जाची सोय समजू नये. केरळात आयटी ॲट स्कूल हा उपक्रम २००१ साली सुरू झाला आणि तिथल्या सरकारी व अनुदानित शाळांत वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच मुले शिकली. २०१८ साली त्यांनी हजारो वर्गखोल्यांत लॅपटॉप दिले ते पाच वर्षांच्या हमीसह. मात्र दान घेतानाही बॅटरीचा आकडा आधी पाहावा. नाही तर दान देणाऱ्याची अडगळ तेवढी आपल्या खोलीत येते.

हमी कुठपर्यंत पोचते?

"शाळेत येऊन दुरुस्ती" हे शब्द दरपत्रकात सुंदर दिसतात. आमच्या परिचयाच्या एका संस्थेला अनुभव असा आला की यंत्र बंद पडल्यावर फोन केला, तर उत्तर मिळाले, "तुमचा पिनकोड आमच्या यादीत नाही." जिल्ह्याचे ठिकाण अहिल्यानगर अकोल्याहून शंभर किलोमीटरच्या वर. यंत्र एसटीने न्यायचे, पुन्हा आणायला जायचे, त्यात शिक्षकाचे दोन दिवस गेले. म्हणून प्रस्तावात आम्ही तीन अटी घातल्या. पहिली, शाळेच्या पिनकोडवर घरपोच सेवा मिळते असे कंपनीचे लेखी पत्र मागणी देण्यापूर्वी घ्यायचे. दुसरी, यंत्रे आल्यावर प्रत्येकाचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची तारीख पाहायची. पुष्कळदा हमी यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवसापासून धरलेली असते आणि गोदामातले चार महिने फुकट गेलेले असतात. बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते, पण लगेच केले तर. तिसरी, बिलातले पाच टक्के तीस दिवसांनी, सर्व यंत्रे चालवून पाहिल्यावरच द्यायचे.

भिंतीतली वीज

हा मुद्दा कुठल्याच दरपत्रकात नसतो, पण कक्ष बंद पडतो तो पुष्कळदा इथेच. बावीस चार्जर एकाच वेळी लावले आणि प्रत्येक ६५ वॅटचा धरला तर १,४३० वॅट होतात, म्हणजे सहा अँपिअरच्या वर. भिंतीतल्या साध्या सॉकेटला एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला दुसरा, अशी माळ लावली तर पहिला सॉकेट तापतो आणि एक दिवस जळतो. हात लावून बोर्ड कोमट लागला तर ती सूचना समजावी. आम्ही दोन स्वतंत्र लाइनी, प्रत्येकीला वेगळा एमसीबी आणि अकरा-अकरा जागा अशी मांडणी सुचवली.

आणि अर्थिंग. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर बहुधा तीन पिनांतली अर्थिंगची पिन कुठेच पोचलेली नसते. शाळेच्या जुन्या इमारतीत हे फार आढळते. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावे, कारण कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. वायरिंग, अर्थिंग आणि कुलपाचे हवेशीर कपाट यांसाठी ७०,००० रुपये धरले.

बघणार कोण?

चेअरमनांचा खरा प्रश्न हाच होता. आमच्या राज्यातही शाळांत संगणक कक्ष कंत्राटदाराने उभारायचे, पाच वर्षे चालवायचे आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचे अशी योजना राबवली गेली. त्या पद्धतीतला अवघड दिवस म्हणजे ताबा मिळण्याचा. कंत्राटदाराचा माणूस जातो, यंत्रे पाच वर्षे जुनी झालेली असतात, आणि शाळेच्या अंदाजपत्रकात त्यांच्या नावाने एक रुपयाही नसतो. आपण हा दिवस पहिल्याच वर्षी समोर धरावा.

म्हणून देखभाल एका माणसाच्या हौसेवर ठेवली नाही. रोज शेवटच्या तासिकेनंतर दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, यंत्रे मोजून कपाटात ठेवतात. बिघाड वहीत लिहायचा : तारीख, यंत्राचा क्रमांक, काय झाले, तक्रार कधी केली, परत कधी आले. वहीत मुलाचे नाव लिहायचे नाही. नाव लिहिले की दंडाची भीती येते आणि बिघाड लपवले जातात. शनिवारी शिक्षक अद्ययावतीकरण पाहतात. मुलांच्या खात्याला नवे काही बसवण्याचा अधिकार नाही. मुख्य पासवर्ड दोन ठिकाणी : शिक्षकांकडे, आणि सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. शिक्षक बदलून गेले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, म्हणून बंद पडलेला कक्ष आम्ही पाहिलेला आहे.

मे महिन्याच्या सुटीत यंत्रे अर्धी भरून ठेवावीत. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात लवकर खराब होते. पावसाळ्यात उलट. घाटघर, भंडारदऱ्याच्या पट्ट्यात तर भिंतीच घाम गाळतात. तिथे सुटी असली तरी आठवड्यातून एकदा तासभर यंत्र चालू करावे, आतल्या उबेने दमटपणा जातो. कपाट ओल्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. एखाद्या यंत्राचे झाकण नीट बसेना किंवा टचपॅड वर उचललेला दिसला तर आत बॅटरी फुगलेली असते. ते चार्जिंगला लावू नये, दाबू नये, वेगळे ठेवून कारागिराला बोलवावे. अशी बॅटरी भंगारवाल्याला विकू नये. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावी.

आता पाच वर्षांचा देखभाल खर्च. बावीस बॅटऱ्या ३,५०० प्रमाणे ७७,०००. वर्षाला चार चार्जर १,२०० प्रमाणे, पाच वर्षांत २४,०००. वर्षाला दोन कीबोर्ड किंवा बिजागऱ्या २,५०० प्रमाणे, २५,०००. संगमनेरहून कारागिराच्या वर्षाला दोन फेऱ्या ३,००० प्रमाणे, ३०,०००. सफाई व किरकोळ ९,०००. एकूण १,६५,०००, म्हणजे वर्षाला ३३,०००. पहिली तीन वर्षे खर्च कमी होईल. उरलेली रक्कम शाळेच्या स्वतंत्र खात्यात चौथ्या वर्षाच्या बॅटऱ्यांसाठी पडून राहिली पाहिजे. हे कलम आम्ही अधोरेखित केले. मुलांकडून संगणक फी घेऊन ही रक्कम उभी करावी अशी सूचना आली होती, ती आम्ही लिहिली नाही. ज्याच्या घरी यंत्र नाही त्याच्याचकडून यंत्राला हात लावण्याचे पैसे घ्यायचे, हे आमच्या मनाला पटले नाही. संस्थेने ती वार्षिक अंदाजपत्रकात धरावी असे लिहिले.

बैठकीत काय झाले?

मास्तरांनी प्रस्ताव वाचला. एक सदस्य म्हणाले, "एवढी महागाची यंत्रे पोरांच्या हातात रोज द्यायची? आठवड्यातून एकदा, हुशार पोरांना दाखवा. टिकतील." मास्तरांना वाटले, झाले, इथेच बुडाले. पण शेवटच्या पानावर या प्रश्नाचा हिशेब आधीच होता.

यंत्रे, वायरिंग व देखभाल मिळून पाच वर्षांचे ११,१५,००० रुपये. आठवड्याला चोवीस तासिका, वर्षाचे छत्तीस आठवडे, पाच वर्षे, म्हणजे ४,३२० तासिका. एका तासिकेला २५८ रुपये, चाळीस मुलांत वाटले तर मुलामागे साडेसहा रुपयांच्या आत. आता कक्षाला कुलूप लावा आणि आठवड्याला सहाच तासिका घ्या. पाच वर्षांत १,०८० तासिका होतील. देखभालीचा एक पैसाही धरला नाही तरी एका तासिकेला ८८० रुपये पडतील. आणि बॅटरी काही थांबत नाही. कपाटात ठेवली तरी वय होऊन ती मरतेच. टिकवलेले यंत्र असे तिप्पट महाग पडते.

चेअरमनांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला, असे मास्तर सांगतात. मग विचारले, "दोघांत एक यंत्र म्हणता, पण माउस कुणाच्या हातात?" प्रश्न मोलाचा होता. ज्याच्या घरी संगणक आहे तोच पुढे सरकतो, आणि वसतिगृहातला आदिवासी मुलगा किंवा मागच्या बाकावरची आपली मुलगी पाच वर्षे नुसती बघत बसते. हा मुद्दा आमच्या मसुद्यात राहून गेला होता, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या सूचनेवरून तिथेच एक ओळ घातली : सतराव्या मिनिटाला घंटा होईल आणि जागा बदलतील.

मंजुरी मिळाली ती दोन टप्प्यांत, यंदा बारा आणि पुढच्या वर्षी दहा. बारांत वीस जागा बसत नाहीत, म्हणून मोठ्या तुकडीचे तूर्त दोन गट करावे लागतील, अर्धे कक्षात आणि अर्धे वर्गात. मास्तर थोडे खट्टू झाले. आम्ही म्हटले, गुरुजी, बारा यंत्रांबरोबर देखभालीचे कलम जसेच्या तसे मंजूर झाले ना? मग दुसरा टप्पा मागायला तुमच्या हातात वर्षभराची वही असेल. किती तासिका झाल्या, किती बिघाड आले, किती दिवसांत दुरुस्त झाले. ती वही दाखवा, पुढचा अर्ज एका पानाचा होईल.